स्वाइप चुकत असेल, तर तीन बटणे आहेतच

अँड्रॉइड फोनवर मागे जाणे, मुख्य पडद्यावर येणे आणि उघडलेली ॲप्स पाहणे ही तीन कामे दिवसभर चालू असतात. ती करण्याच्या दोन पद्धती आजच्या बहुतेक फोनमध्ये असतात. पहिल्या पद्धतीत पडद्याच्या तळाशी तीन बटणांची पट्टी असते: मागे, होम आणि अलीकडची ॲप्स. दुसऱ्या पद्धतीत ही बटणे नसतात. डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत बोट सरकवले की मागे जाता येते. तळावरून वर सरकवले की होम येते आणि वर सरकवून बोट क्षणभर तिथेच थांबवले की उघडलेली ॲप्स दिसतात. तळाशी असलेल्या बारीक रेघेवरून आडवे बोट फिरवले तर आधीच्या ॲपवर थेट उडी मारता येते. पहिलीला तीन बटणांचे नेव्हिगेशन म्हणतात, दुसरीला जेश्चर नेव्हिगेशन. नवा फोन सुरू करताना घाईघाईने ‘पुढे, पुढे’ दाबत गेले, की कंपनीने आधीच निवडून ठेवलेली पद्धत गळ्यात पडते. ती बदलता येते हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

बटणे आधी आली. २००८ साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला मागे आणि होम यांसाठी खरीखुरी, दाबली जाणारी बटणे होती. २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० आणि त्यासोबत गॅलेक्सी नेक्सस हा फोन आला, तेव्हा ही बटणे काचेवर चढली. बोटाने पडदा सरकवून फोन चालवण्याची कल्पनाही तेवढीच जुनी आहे. नोकियाच्या एन९ या फोनला २०११ मध्येच समोर एकही बटण नव्हते, पण तो फोन चालला नाही आणि कल्पना मागे पडली. २०१७ मध्ये ॲपलने आयफोन एक्सचे होम बटण काढून टाकले. त्यानंतर अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापली जेश्चर आणायला सुरुवात केली. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी होती. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये गूगलनेही एक अर्धवट तोडगा काढला: होमच्या जागी लांबट गोळी आणि शेजारी मागे जाण्याचे बटण. अखेर २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आले आणि आज दिसते ती जेश्चर पद्धत ठरली.

ती ठरवताना गूगलपुढे मुख्य प्रश्न ‘मागे’चा होता. लोक होमपेक्षा मागे जाण्याची क्रिया सुमारे ५० टक्क्यांनी जास्त वापरतात, असे गूगलच्या पाहणीत आढळले होते. इतक्या वेळा लागणारी गोष्ट अंगठ्याला सहज पोचेल अशा जागी हवी, म्हणून तिला पडद्याच्या दोन्ही कडा दिल्या गेल्या. फोन कुठल्याही हातात असो, जवळची कड अंगठ्याखालीच असते. या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण त्या कडा रिकाम्या नव्हत्या. कितीतरी ॲप्सचा बाजूचा मेन्यू डाव्या कडेवरून ओढून उघडत असे, फोटो कापताना चौकटीचे कोपरे कडेला चिकटलेले असत, आवाजाची किंवा व्हिडिओची सरकपट्टी अगदी कडेपर्यंत जात असे. एका जागेवर दोघांनी हक्क सांगितला, की भांडण होणारच. स्वाइप चुकण्याच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

फोन स्वाइप कसा ओळखतो, हे कळले की तो का चुकतो हेही कळते. पडद्याच्या दोन्ही कडांना एक अदृश्य, काही मिलिमीटर रुंदीची पट्टी असते. बोट पहिल्यांदा टेकले ते या पट्टीच्या आत की बाहेर, हे फोन सर्वांत आधी पाहतो. बाहेर टेकले असेल तर पुढे ते कसेही सरको, मागे जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आत टेकले असेल, तर बोट आडवे जास्त सरकते की उभे, हे पाहिले जाते. उभे जास्त सरकले तर फोन तो नाद सोडतो आणि तो स्पर्श ॲपकडे जाऊ देतो. आडवे सरकले तर कडेला छोटा बाण दिसू लागतो. पुरेसे अंतर कापून बोट उचलले, की क्रिया पूर्ण होते. तिसरी गोष्ट वेळेची. बोट कडेवर टेकवून सरकवण्याआधी थोडे थांबले, तर फोन त्याला मागे जाण्याचे जेश्चर मानत नाही.

म्हणजे निर्णय तीन गोष्टींवर अवलंबून असतो: सुरुवात कुठे झाली, पहिल्या काही मिलिमीटरमध्ये दिशा कोणती होती आणि बोट किती वेळ थांबले. आता उजव्या हातात फोन धरून अंगठ्याने पान वर सरकवणाऱ्याचा विचार करावा. अंगठा तळव्याशी जोडलेला असल्यामुळे तो सरळ रेषेत वर जात नाही, कमानीसारखा फिरतो. उजव्या कडेजवळून सुरुवात झाली, तर त्या कमानीचा पहिला तुकडा आत, डावीकडे वळलेला असू शकतो. वापरणाऱ्याच्या मनात पान सरकवणे आहे, फोनला दिसतो तो कडेवरून आत आलेला आडवा स्वाइप. दोघांपैकी कोणीही चुकलेले नसते, तरी पान मागे जाते. मोठा फोन एका हाताने चालवणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो, कारण अंगठा लांबवण्यासाठी पकड बदलावी लागते आणि कमान आणखी आडवी होते.

तळाकडच्या स्वाइपचेही असेच आहे. छोटे व्हिडिओ एकामागून एक वर ढकलत पाहताना बोट थोडे खालून निघाले, तर पुढचा व्हिडिओ येण्याऐवजी होम येते. पूर्ण पडद्यावर चालणाऱ्या खेळांमध्ये आणि चित्रपटांमध्ये यावर एक उपाय आधीपासून केलेला असतो: पहिल्या स्वाइपला फक्त लपलेली पट्टी वर येते आणि दुसऱ्या स्वाइपला खरी क्रिया होते. खेळाच्या मध्येच ‘स्वाइप केला तरी काहीच होत नाही’ असे वाटते, त्याचे कारण अनेकदा हे असते. तो बिघाड नव्हे.

ॲपच्या आत होणाऱ्या भांडणावर अँड्रॉइडने तोडगा ठेवलेला आहे, पण मोजून मापून. कडेचा अमुक भाग माझ्यासाठी सोडा, तिथे मागे जाण्याचे जेश्चर घेऊ नका, असे ॲप फोनला सांगू शकते. फोटो कापण्याच्या चौकटीचे कोपरे किंवा सरकपट्टीचे टोक यासाठी ही सोय आहे. मात्र एका कडेवर एकूण २०० डीपी एवढीच उंची मागता येते. डीपी हे पडद्यावरचे माप आहे आणि १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच, म्हणून ही मर्यादा सुमारे सव्वा इंच झाली. ॲपने संपूर्ण कड बळकावून वापरणाऱ्याला आत अडकवून ठेवू नये, हा त्यामागचा हेतू आहे. ज्या ॲपने ही मागणी केलेलीच नाही, किंवा ज्याला सव्वा इंच पुरत नाही, तिथे चौकट ओढायला गेले की ॲपच बंद होते. अशा वेळी कड टाळून सुरुवात करावी: चौकटीचा कोपरा थेट न पकडता आधी फोटो दोन बोटांनी थोडा लहान करावा किंवा मध्याकडे सरकवावा, म्हणजे कोपरा कडेपासून सुटतो. बाजूचा मेन्यू उघडायचा असेल तर तीन आडव्या रेघांचे चिन्ह दाबणे सर्वांत सोपे. ओढूनच उघडायचा असेल, तर पुष्कळ ॲप्समध्ये कडेवर बोट टेकवून थोडे थांबावे. मेन्यू किंचित डोकावतो, मग तो ओढता येतो. आणि चुकून सुरू झालेला मागचा स्वाइप रद्दही करता येतो, हे फारसे कोणी सांगत नाही. बाण दिसला तरी बोट न उचलता पुन्हा कडेकडे नेले, तर फोन मागे जात नाही.

इथपर्यंतचे दोष पद्धतीचे किंवा ॲपचे. पण स्वाइप चुकण्यामागे पडद्यावरची काच, कव्हर आणि ओला हात यांचाही मोठा वाटा असतो, आणि दोन्ही प्रकारांची लक्षणे सारखीच दिसतात. ती वेगळी कशी काढायची, हे एका उदाहरणातून पाहू.

साडेसहा इंची पडद्याचा फोन, त्याला जाड रबरी कव्हर, वर टेम्पर्ड ग्लास. वापरणाऱ्याच्या तक्रारी दोन, आणि त्या एकमेकींच्या उलट. पहिली, मुद्दाम मागे जायचे असते तेव्हा दोन-तीनदा बोट ओढावे लागते. दुसरी, ब्राउझरमध्ये लांबलचक प्रवेश अर्ज भरताना पान खाली नेले, की ते अचानक मागच्या पानावर जाते आणि भरलेले सगळे पुसले जाते. हवे तेव्हा होत नाही, नको तेव्हा होते. असे ऐकले की दुकानदार सहसा ‘डिस्प्ले गेला’ म्हणतो. त्याआधी करण्यासारखी तपासणी फुकट आहे.

फोनच्या Settings मध्ये About phone या ठिकाणी Build number नावाची ओळ असते. सॅमसंगमध्ये ती Software information च्या आत सापडते, शाओमीत तिच्याऐवजी प्रणालीच्या आवृत्तीची ओळ दाबावी लागते. त्या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की Developer options हा नवा विभाग उघडतो. त्यात Pointer location सुरू केले, की बोट जिथे टेकते आणि जसे सरकते, तशी रेघ पडद्यावर उमटते. आता उजव्या कडेवरून मागे जाण्याचा स्वाइप पाच-सहा वेळा करावा आणि रेघ कुठून सुरू होते ते पाहावे.

या फोनवर रेघ कडेपासून सुरू होतच नव्हती. कव्हरची उचललेली किनार अंगठ्याला अडवत होती आणि बोट काचेला टेकेपर्यंत कडेची पट्टी मागे पडत होती. कव्हर काढून तोच स्वाइप केल्यावर रेघ थेट काठापासून निघाली आणि प्रत्येक वेळी मागे जाता आले. पहिल्या तक्रारीचा गुन्हेगार कव्हर होते. दुसरी तक्रार पहिलीतूनच जन्मली होती. मागे जाता येत नाही म्हणून कधीतरी सेटिंगमध्ये जाऊन कडेची संवेदनशीलता सर्वांत जास्त केली गेली होती. संवेदनशीलता वाढवणे म्हणजे कडेची अदृश्य पट्टी रुंद करणे. त्यामुळे कव्हर असूनही काही स्वाइप लागू पडू लागले, पण पान सरकवणारा अंगठाही आता त्या रुंद पट्टीत सापडू लागला. उपाय साधा निघाला: किनार न उचललेले पातळ कव्हर आणि उजव्या कडेची संवेदनशीलता कमी. पिक्सेलसारख्या फोनवर दोन्ही कडांची पातळी वेगवेगळी ठेवता येते. त्यामुळे उजव्या हाताने पान सरकवणाऱ्याला उजवी कड सुस्त आणि डावी नेहमीसारखी ठेवून दोन्ही कामे साधता येतात.

याच रेघेवरून आणखी काही ओळखता येते. रेघ मधेच तुटत असेल किंवा पडद्याच्या ठरावीक उभ्या पट्ट्यात कधीच उमटत नसेल, तर सेटिंग बदलून काही होणार नाही. आधी टेम्पर्ड ग्लास काढून पाहावी. तरीही तीच जागा बधिर राहिली, तर पडदा खराब आहे. बोट लावलेले नसताना रेघा आपोआप उमटत असतील, तर पडद्यावर ओल, तेलकट थर किंवा चार्जरचा दोष असू शकतो. पडदा पुसून, चार्जर काढून पुन्हा पाहावे. काचेच्या संरक्षणासाठी काही फोनमध्ये स्पर्शाची तीव्रता वाढवणारी वेगळी सेटिंग असते. सॅमसंगमध्ये ती Display खाली Touch sensitivity नावाने मिळते. मागे जाण्याच्या पट्टीच्या संवेदनशीलतेशी तिचा संबंध नाही आणि दोघींची गल्लत नेहमी होते. तपासणी झाली की Developer options बंद करावे, कारण काही बँकांची ॲप्स ते सुरू असेल तर उघडायला नकार देतात.

रेघ नीट उमटते आहे, संवेदनशीलता कमी केली आहे, तरी पाने मागे जात आहेत, असे असेल तर पद्धतच बदलावी. जेश्चर सवयीचे व्हायला बहुतेकांना एक ते तीन दिवस लागतात, असे गूगलने अँड्रॉइड १० आणताना म्हटले होते. आठवडा उलटूनही बोट अडखळत असेल तर स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. तीन बटणे ही जुनाट लोकांसाठी ठेवलेली सवलत नाही. ती अँड्रॉइडची अधिकृत पद्धत आहे.

बदल करण्याची जागा कंपनीनुसार वेगळी. पिक्सेल आणि मूळ अँड्रॉइडच्या जवळच्या फोनमध्ये Settings, मग System, मग Gestures आणि त्यात System navigation किंवा Navigation mode. संवेदनशीलतेच्या सरकपट्ट्या तिथेच, जेश्चरच्या पर्यायाशेजारच्या दातेरी चाकाच्या चिन्हात असतात. सॅमसंगमध्ये Settings, Display आणि Navigation bar. तिथे Buttons आणि Swipe gestures असे दोन पर्याय दिसतात. शाओमीत Home screen किंवा Additional settings या विभागात System navigation शोधावे. बाकी कंपन्यांच्या फोनमध्ये वाट शोधत बसण्यापेक्षा Settings च्या वरच्या शोधपट्टीत navigation हा शब्द टाकणे उत्तम. पर्याय निवडताच बटणे लगेच दिसू लागतात, फोन बंद करून चालू करावा लागत नाही.

बटणे आल्यावर पहिल्या दिवशी एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे बटणांचा क्रम. मूळ अँड्रॉइडमध्ये मागे जाण्याचे बटण डावीकडे असते, सॅमसंगमध्ये ते उजवीकडे. जुन्या फोनची सवय हातात असते, म्हणून मागे जायला गेले की उघडलेल्या ॲप्सची रांग समोर येते. सॅमसंग आणि शाओमीसह अनेक फोनमध्ये हा क्रम उलटा करता येतो, आणि तो पहिल्याच दिवशी करून घ्यावा. उजव्या हाताने फोन धरणाऱ्याला ‘मागे’ उजवीकडे असलेले बरे पडते.

जागेचा हिशेब असा. तीन बटणांची पट्टी साधारण ४८ डीपी उंच असते, म्हणजे साडेसात मिलिमीटरच्या आसपास. साडेसहा इंची लांबट पडद्याची उंची सुमारे १५० मिलिमीटर धरली, तर बटणांसाठी त्यातला विसावा भाग जातो. वाचताना दीड-दोन ओळी कमी दिसतात. व्हिडिओ पूर्ण पडद्यावर असताना पट्टी लपते, तेव्हा तेवढेही नुकसान नसते. ॲपमधून ॲपमध्ये आडव्या स्वाइपने उडी मारण्याची सोय मात्र जाते. तिच्या जागी अलीकडच्या ॲप्सचे बटण झटपट दोनदा दाबले, की बहुतेक फोन आधीच्या ॲपवर नेतात.

बटणेही निर्दोष नाहीत. फोन आडवा धरला की ती अनेकदा पडद्याच्या एका बाजूला जातात आणि तिथे तळहात टेकून होम दाबले जाते. कीबोर्डच्या तळाशी घाईने टाइप करताना स्पेसबारऐवजी होम लागते. फरक इतकाच, की बटणाची जागा दिसते, म्हणून चूक कुठे झाली हे लगेच कळते. जेश्चरमध्ये पट्टी अदृश्य असल्याने तीच चूक कारण न समजता पुन्हा होत राहते.

म्हणूनच हात थरथरणाऱ्या, बोटांत ताठरता असलेल्या किंवा दृष्टी मंदावलेल्या लोकांसाठी बटणे सरळ सरस आहेत. ठरावीक जागी एकदा टेकवणे त्यांना जमते. ठरावीक कडेवरून, ठरावीक दिशेने, थांबा न घेता सरकवणे अवघड जाते. घरातल्या आजी-आजोबांचा नवा फोन सुरू करून देताना ही सेटिंग तेव्हाच बदलून ठेवावी. उलट, फोन सतत एका हातात असणाऱ्या आणि मोठा पडदा मुख्यतः वाचनासाठी वापरणाऱ्या माणसाला संवेदनशीलता नीट लावलेली जेश्चर अधिक सोयीची ठरतात, कारण मागे जाण्यासाठी अंगठा तळाशी न्यावा लागत नाही.

एक अडचण वेगळीच असते. मुख्य पडद्यासाठी बाहेरून आणलेले लाँचर ॲप वापरले, तर काही कंपन्यांच्या फोनमध्ये, विशेषतः शाओमीत, जेश्चर अर्धवट चालतात किंवा बंदच होतात. असा लाँचर ठेवायचाच असेल तर बटणे वापरावीत, नाहीतर मूळ लाँचरवर परत यावे. आयफोन वापरणाऱ्यांना ही निवडच नाही. होम बटण नसलेल्या आयफोनमध्ये तीन बटणांची पट्टी मिळत नाही. जवळचा पर्याय म्हणजे Settings, Accessibility, Touch या वाटेने AssistiveTouch सुरू करणे. त्यामुळे पडद्यावर तरंगते बटण येते आणि त्यातून होम आणि उघडलेली ॲप्स गाठता येतात. मागे जाणे मात्र तिथे प्रत्येक ॲपच्या मर्जीवरच राहते.

अँड्रॉइडमध्ये स्वाइप चुकल्याचा त्रास गेल्या काही आवृत्त्यांत थोडा कमी झाला आहे. अँड्रॉइड १५ पासून, ज्या ॲप्सनी ही सोय स्वीकारली आहे त्यांत, मागचा स्वाइप पूर्ण होण्याआधी पुढे काय दिसणार याची झलक दिसते. ॲप बंद होऊन मुख्य पडदा येणार असेल, तर तो मागे डोकावतो आणि बोट परत नेऊन थांबायला वेळ मिळतो. ज्यांना तेवढेही पुरत नाही, त्यांनी बटणे निवडावीत. पद्धत बदलल्याने ॲप्स, फोटो किंवा संदेश यांना काहीही होत नाही, आणि पटले नाही तर त्याच सेटिंगमधून क्षणात परत फिरता येते.